कर्जत-खालापूरच्या पाण्याला कोणतं यंत्र लागतं?

मागच्या जूनमध्ये, पहिला जोराचा पाऊस होऊन आठवडा झाला होता. कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावात शेजारच्या काकूंच्या पडवीत एक विक्रेता बसला होता. त्याच्यापुढे पाण्याचे दोन ग्लास होते. एकात काकूंच्या विहिरीचं पाणी आणि दुसऱ्यात त्याने बाटलीतून आणलेलं आरओचं पाणी. त्याने चार दांड्यांचं एक छोटं उपकरण काढलं, दोन दांड्या एका ग्लासात आणि दोन दुसऱ्यात सोडल्या आणि बटण दाबलं. मिनिटभरात विहिरीच्या पाण्यावर हिरवट-तपकिरी साय आली, तळाशी गाळ बसला. आरओचा ग्लास जसाच्या तसा. "मावशी, रोज हे पिताय तुम्ही," तो म्हणाला. काकूंचा चेहरा उतरला. घरात दोन लहान नातवंडं आहेत.

मी आत जाऊन चिमूटभर मीठ आणलं, त्याच्या आरओच्या ग्लासात टाकलं आणि बटण पुन्हा दाबायला सांगितलं. त्या ग्लासातही तशीच साय आली.

## दांड्यांचा गंज आणि मीटरचा आकडा

त्या दांड्यांतल्या काही लोखंडाच्या असतात. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, वीज वाहिली की दांडीचं लोखंड विरघळतं, आणि ग्लासात दिसतो तो त्या लोखंडाचा गंज. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, म्हणून वीज वाहत नाही आणि गंजही निघत नाही. मीठ टाकलं की वीज वाहायला लागते. पाणी घाण आहे की स्वच्छ, याचा त्या प्रयोगाशी काही संबंध नाही. उकळून गाळलेलं उत्तम पाणीही त्यात तपकिरी होईल.

मग त्याने पेनासारखा टीडीएस मीटर काढला. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. काकूंच्या विहिरीचा आकडा आला ११८. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की ५०० पर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतो. म्हणजे क्षारांच्या बाबतीत काकूंचं पाणी मर्यादेच्या चौथाईतसुद्धा नव्हतं.

पण पाणी चांगलं होतं असंही नाही. त्याच संध्याकाळी मी ग्रामपंचायतीतून एक एच२एस कुपी आणली. औषधाच्या छोट्या बाटलीसारखी असते, तळाशी रसायन असतं. खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावायचं आणि घरात उबेला एक-दोन दिवस ठेवायची. पाण्यात मैल्यातून येणारे जंतू असतील तर पाणी काळं पडतं. काकूंची कुपी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाईसारखी काळी झाली होती.

टीडीएस ११८ आणि कुपी काळी. आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या पाण्याचं दुखणं बहुतेक ठिकाणी हेच आहे. मीटर क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. गोठ्यातलं पाणी झिरपलेली विहीरसुद्धा मीटरवर छान दिसते. तेव्हा मीटर दाखवून यंत्र विकणारा माणूस, कदाचित स्वतःच्याही नकळत, भलत्याच आजाराचं औषध देत असतो.

## इथल्या पाण्यात क्षार कमी का

कर्जत आणि खालापूर सह्याद्रीच्या पायथ्याला आहेत. पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे जातो, खडक काळा बेसॉल्ट. पावसाचं पाणी मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून झपाट्याने उतरतं, ओढ्यानदीला मिळतं आणि वाहून जातं. खडकाशी त्याची फार काळ गाठ पडतच नाही, त्यामुळे क्षार विरघळायला वेळ मिळत नाही. शिवाय दर पावसाळ्यात सगळी जमीन नव्याने धुऊन निघते. उथळ विहिरींचं पाणी गोडं लागतं ते म्हणून.

नद्यांचं तर आणखी वेगळं आहे. लोणावळ्याकडच्या वळवण, लोणावळा आणि शिरवटा तलावांचं पाणी नळांतून घाट उतरून खोपोलीच्या वीजकेंद्रात येतं आणि तिथून पाताळगंगेत सुटतं. हे केंद्र १९१५ पासून चालू आहे. ठोकरवाडी धरणाचं पाणी असंच भिवपुरीच्या केंद्रातून, १९२२ पासून, पेज नदीत येतं. एप्रिल-मे महिन्यात शेजारचे ओढे कोरडे पडलेले असताना पेज वाहताना दिसते ती या पाण्यावर. म्हणजे या नद्यांकाठच्या पाणीयोजना जे उचलतात ते घाटमाथ्यावर साठवलेलं पावसाचंच पाणी असतं. त्यातून आणखी क्षार काढायचे म्हणजे धुतलेले तांदूळ पुन्हा धुण्यासारखं.

विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा आहे. तिथलं पाणी जिभेला खारट लागतं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत फ्लोराइडने दात पिवळे पडतात, हाडं वाकतात. आरओचं यंत्र तशा पाण्यासाठी आहे. एकाच जाहिरातीने ते तिकडेही विकलं जातं आणि इकडेही.

## मग बिघडतं काय

पाणी बिघडतं ते पहिल्या पावसात. आठ महिने उघड्यावर, गोठ्यामागे, ओढ्याकाठी साचलेली सगळी घाण एका आठवड्यात वाहून येते. विहिरीच्या कठड्याला भेग असेल, भोवतीचा ओटा खचला असेल, तर ती थेट आत उतरते. पाणी गढूळ होतं आणि त्याच्याबरोबर जंतू येतात. त्यात तीन जाती लक्षात ठेवण्यासारख्या आहेत, कारण यंत्र निवडताना त्यांचा आकार मोजावा लागतो. अमीबा-जिआर्डियासारखे एकपेशीय जीव सगळ्यांत मोठे. कॉलरा, टायफॉइड, जुलाबाचे जिवाणू त्यांच्याहून लहान, साधारण अर्धा ते दोन-तीन मायक्रॉनचे. आणि काविळीचे विषाणू, हिपॅटायटिस ए आणि ई, त्यांच्याहूनही कितीतरी लहान, मायक्रॉनच्या तीस-चाळिसाव्या हिश्शाएवढे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इचलकरंजीत २०१२ साली पाण्यातून काविळीची जी मोठी साथ आली ती हिपॅटायटिस ई ची होती, म्हणजे या तिसऱ्या, सगळ्यांत लहान जातीची.

नळाच्या पाण्याचं दुखणं थोडं निराळं. कर्जत, नेरळ, खोपोलीत पाणी ठरावीक वेळेलाच येतं. बाकीचा वेळ नळ रिकामा असतो, आणि रिकामा नळ जिथे फुटलेला असेल तिथून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढून घेतो. शुद्धीकरण केंद्रातून चांगलं निघालेलं पाणी गल्लीत येईपर्यंत बिघडू शकतं. पाणी आल्यावर पहिली दोन मिनिटं मातकट येणं ही त्याची खूण.

उन्हाळ्यात दुखणं पुन्हा बदलतं. वाड्यांवरचे झरे आटतात, टँकर येतो. तेव्हा पाणी गढूळ नसतं, पण ते कुठून भरलं आणि कोणत्या टाकीत उभं राहिलं ते आपल्याला ठाऊक नसतं.

गढूळपणा आणि जंतू, एवढंच आपल्याला हटवायचं आहे. आता तीन यंत्रं या कामाला लावून पाहू.

## आरओ: काम चोख, पण कुणाचं?

आरओमध्ये पंप पाणी दाबाने एका अतिबारीक पडद्यातून ढकलतो. या पडद्यातून पाणी जातं, क्षार बहुतेक अडतात. जंतू तर अडतातच. अडलेल्या क्षारांना बाहेर काढायला मात्र पाणीच वापरावं लागतं. साध्या घरगुती यंत्रात चार लिटर पाणी आत गेलं तर एक लिटर प्यायला मिळतं आणि तीन मोरीत जातं. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला रोज २० लिटर धरलं, तर रोज ६० लिटर वाया. हंड्याच्या हिशेबाने चार हंडे. मे महिन्यात जी बाई डोंगर उतरून दोन हंडे आणते तिच्या गावातल्या घरात असं यंत्र बसवणं मला सहन होत नाही. मोरीत जाणारं पाणी लादी पुसायला वापरा असं सांगतात. वापरावंच. पण चार हंड्यांनी रोज कुणी लादी पुसत नाही.

राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये याच कारणाने म्हटलं होतं की जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओ वापरायला मनाई करावी.

यापुढची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ११८ टीडीएसचं पाणी आरओतून काढलं की ते दहा-पंधरावर येतं. बेचव लागतं, थोडं आंबूसही. गिऱ्हाईक तक्रार करतं. मग कारागीर येतो आणि यंत्रातला एक छोटा स्क्रू फिरवतो. त्याला टीडीएस कंट्रोलर म्हणतात. त्याने होतं एवढंच की थोडं पाणी आरओचा पडदा न ओलांडता, बाजूच्या वाटेने, थेट पुढे येऊन मिसळतं. चव परत येते. पण त्या मिसळलेल्या पाण्यातले जंतू आता आरओने अडवलेलेच नाहीत. ते मारायचं काम यंत्रात आरओच्या जोडीला बसवलेल्या यूव्हीच्या नळीवर किंवा दुसऱ्या गाळणीवर येतं. म्हणजे पैसे आरओचे दिले, पाणी आरओसाठी वाया घातलं आणि काम केलं यूव्हीने. मग नुसता यूव्हीच का नको?

पावसाळ्यात आरओचे आणखी हाल होतात. गढूळ पाण्याने आधीची गाळणी तांबडी होते आणि ती वेळेवर बदलली नाही की बारीक गाळ पडद्यावर बसून पडदा चोंदतो. पाण्याची धार बारीक होते, मोरीतली वाढते. ही खूण दिसली की पडदा संपत आला समजावं.

## यूव्ही: जंतू मारतो, पण स्वच्छ पाण्यातलेच

यूव्हीच्या यंत्रात पोलादी नळकांड्याच्या मधोमध काचेच्या म्यानात एक दिवा असतो. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी २५४ नॅनोमीटर, डोळ्यांना न दिसणारी. पाणी दिव्याभोवतीने काही सेकंदांत वाहत जातं. हा प्रकाश जंतूच्या गुणसूत्रांत बिघाड करतो, आणि बिघडलेला जंतू पुढे वाढू शकत नाही. पाण्यात काही मिसळत नाही, काही निघत नाही, एक थेंब वाया जात नाही. जिवाणू, जिआर्डिया आणि काविळीचे विषाणू तिन्हींवर तो चालतो. पाणी कमी क्षाराचं आणि जंतूंचं असेल तर याच्याइतकं नेमकं यंत्र दुसरं नाही.

पण प्रकाश पोचला पाहिजे. मातीच्या कणाआड लपलेला जंतू सावलीत राहतो आणि जिवंत बाहेर येतो. म्हणून जुलैच्या मातकट पाण्याला यूव्ही एकटा पुरत नाही. त्याच्या आधी गाळ धरणारी सुताची गाळणी, साधारण ५ मायक्रॉनची, आणि मग कोळशाची गाळणी हवी. पाणी फारच गढूळ असेल तर यंत्रात सोडण्याआधी तुरटी. एका उभ्या पारदर्शक बाटलीत पाणी भरून ती वर्तमानपत्रावर ठेवा आणि वरून डोकावून खालची अक्षरं वाचा. अक्षरं वाचता आली नाहीत तर ते पाणी आधी निवळायलाच हवं. अक्षरं दिसली तरी धुरकट दिसत असतील तर गाळणीवर भरवसा टाकू नका, तुरटी फिरवून रात्रभर ठेवा.

दुसरी अडचण दिव्याची. यूव्हीचा दिवा साधारण ८००० तास काम देतो. त्यानंतरही तो पेटतो, निळसर दिसतो, आणि आपल्याला वाटतं चालू आहे. पण जंतू मारणारा प्रकाश निळा नसतोच. तो दिसत नाही, आणि तोच आधी मंदावतो. निळा उजेड म्हणजे दिवा जिवंत असल्याची खूण, पाणी शुद्ध असल्याची नव्हे. म्हणून दिवा बसवला त्या दिवशी यंत्रावर तारीख लिहून ठेवावी आणि कंपनीने सांगितलेल्या मुदतीला तो बदलावा. उघड्या दिव्याकडे कधी पाहू नये, डोळ्यांना इजा होते.

बोअरच्या पाण्यात लोह असेल तर काचेच्या म्यानावर तांबूस थर चढतो आणि प्रकाश आतच अडतो. तो थर लिंबूसत्वाच्या पाण्याने निघतो, पण मूळ उपाय लोह आधी काढणं हा आहे. बोअरचं पाणी उपसलं तेव्हा नितळ आणि तासाभरात तांबूस झालं तर त्यात लोह आहे. अशा पाण्याला आधी हवा लागू द्यायची, वरून धारेने टाकीत पडू द्यायचं, आणि मग वाळूच्या गाळणीतून घ्यायचं.

तिसरी अडचण विजेची, आणि आपल्याकडे तीच सगळ्यांत मोठी. वादळी पावसात वीज जाते आणि नेमकं तेव्हाच पाणी गढूळ असतं. शिवाय यूव्ही पाण्यात मागे काही ठेवून जात नाही. क्लोरीन ठेवतं. यूव्हीचं पाणी मळक्या कळशीत काढलं, कुणी त्यात हात घालून भांडं बुडवलं, की ते पुन्हा बिघडलं. त्यासाठी तोटीचं झाकणाचं भांडं, आणि दिवसाचं पाणी त्याच दिवशी संपवणं.

## कँडलचा फिल्टर: धीमा आणि भरवशाचा, एक भोक वगळता

दोन डबे एकावर एक, वरच्यात पांढऱ्या मातीच्या कँडल. आपल्या आज्यांच्या घरी हाच होता. पाणी स्वतःच्या वजनाने कँडलमधून झिरपतं. ना वीज, ना दाब, ना वाया पाणी. चांगल्या कँडलची छिद्रं मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतात. त्यात माती अडते, अमीबा-जिआर्डिया अडतात आणि जिवाणूही बरेचसे अडतात. विषाणू अडत नाहीत. काविळीचा विषाणू त्या छिद्रातून असा जातो जसा वाटाणा दारातून. नव्या विजेविना चालणाऱ्या फिल्टरमध्ये पोकळ धाग्यांची गाळणी असते, तिला यूएफ म्हणतात. तिची छिद्रं कँडलपेक्षा कितीतरी बारीक असतात आणि जिवाणूंचं काम ती फार चांगलं करते. विषाणूंबाबत मात्र तिच्यावरही सगळा भार टाकू नये.

ते भोक क्लोरीनने बुजतं. क्लोरीन विषाणू मारतं. आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून मिळणारं मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात हंड्यात टाकायचं, अर्धा तास थांबायचं आणि मग ते पाणी फिल्टरमध्ये ओतायचं. क्रम महत्त्वाचा आहे. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी, मग चौपदरी फडक्याने गाळणं, मग क्लोरीन, मग कँडल. गढूळ पाण्यात थेट क्लोरीन टाकलं तर ते मातीशीच भिडून संपतं, जंतूंपर्यंत पोचत नाही.

कँडल बिघडली कशी ओळखायची? तिला केसासारखी चीर जाते आणि डोळ्यांना दिसत नाही. कँडल काढा, पाण्यात भिजवून ठेवा, मग पूर्ण बुडवून तिच्या देठातून तोंडाने हवा फुंका. अखंड कँडलची ओली छिद्रं हवा सहजी सोडत नाहीत. चीर असेल तर त्या एका जागेतून बुडबुड्यांची माळ लागते. अशी कँडल फेकून द्यायची. बुडबुडे देठाशी आले तर दोष वॉशरचा, नट घट्ट करायचा. कँडलवरचा मातीचा थर मऊ ब्रशने पाण्याखाली काढावा, साबण लावू नये. घासता घासता ती बारीक झाली की बदलावी.

डोंगरावरच्या ठाकूरवाड्या-कातकरवाड्यांत, जिथे झऱ्याचं पाणी आहे आणि विजेचा भरवसा नाही, तिथे माझं मत ठाम आहे: मेडिक्लोर आणि विजेविना चालणारा फिल्टर. दुसरं काही देऊ नये. कुणी संस्था देणगी म्हणून आरओ बसवते, उद्घाटन होतं, आणि दुसऱ्या पावसाळ्यात ते यंत्र शाळेच्या कोपऱ्यात बंद पडलेलं दिसतं.

## काकूंच्या विहिरीचं काय केलं

सुरुवात विहिरीपासूनच केली. कठड्याला एका बाजूला भेग होती आणि कपडे धुवायचा दगड विहिरीला लागूनच. धुण्याचं पाणी त्या भेगेतून परत आत जात होतं. काकूंच्या मुलाने दगड वीस-पंचवीस पावलं लांब, उताराच्या बाजूला हलवला, भेग सिमेंटने भरली आणि भोवती उताराचा ओटा केला. हे न करता घरात कोणतंही यंत्र बसवलं असतं तरी ते रोज नव्या घाणीशी झगडत राहिलं असतं.

मग टीसीएल पावडर. विहिरीचा व्यास साधारण ३.६ मीटर, पाणी ३ मीटर खोल. म्हणजे सुमारे ३० हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने १५० ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवली, चुना तळाशी बसू दिला आणि वरचं निवळ पाणी संध्याकाळी विहिरीत ओतून बादलीने ढवळलं. सकाळी ओटी चाचणी केली. नळीत पाणी घेऊन दोन-चार थेंब टाकले की पाण्यात क्लोरीन उरलं असेल तर पिवळा रंग येतो. आला, फिकट. टीसीएलचं पाकीट उघडं ठेवलं तर आपल्या दमट हवेत ती लवकर निकामी होते, म्हणून रंग न आल्यास आधी पावडर ताजी आहे का ते बघावं.

घरात मग गाळणी, कोळसा आणि यूव्ही असं यंत्र बसवलं, आरओ नसलेलं. वीज गेली की काय? काकूंच्या माळ्यावर जुना पितळी कँडल फिल्टर होता. तो काढला, त्याच्या एका कँडलला चीर निघाली, ती बदलली. वीज नसेल तेव्हा मेडिक्लोर घालून तो. नातवंडांना बरं नसेल तेव्हा पाणी उकळून, खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर ठेवून. जुलैच्या अखेरीला पुन्हा कुपी भरली, या वेळी यंत्राच्या तोटीतून. दोन दिवसांनीही ती काळी पडली नाही.

## आरओ खरंच कधी घ्यावा

कागदावर लिहिलेलं कारण असेल तेव्हा. खोल बोअरचं पाणी, ज्याच्या तपासणी अहवालात टीडीएस, कठीणपणा, नायट्रेट किंवा फ्लोराइड मर्यादेबाहेर आहे. यातलं नायट्रेट आपल्याकडे विसरलं जातं. गोठा, शेणखड्डा किंवा संडासाची टाकी विहिरीजवळ असेल तर ते उतरतं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि सगळ्यांत जास्त धोका तान्ह्या बाळांना. यूव्ही त्याला हात लावत नाही, कँडल नाही, आणि पाणी उकळलं तर उलट ते आटून दाट होतं. आरओने ते बरंच कमी होतं. तरी विहिरीपासून शेणखड्डा हलवणं हाच पहिला उपाय.

कारखान्यांच्या पट्ट्यात, पाताळगंगेच्या खालच्या अंगाला, लोक रसायनांच्या भीतीने आरओ घेतात. भीती समजण्यासारखी आहे. पण बोअरच्या पाण्याला विचित्र वास किंवा रंग आला तर आरओवर विसंबून राहू नये, कारण काही लहान सेंद्रिय रसायनं पडद्यातूनही निसटतात. ते पाणी पिणं थांबवायचं, तपासणीला पाठवायचं आणि तोवर दुसरा स्रोत धरायचा.

तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. नमुना कसा पाठवायचा ते ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला माहीत असतं. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली वापरावी, त्या दिवशी विहिरीत टीसीएल टाकू नये, आणि बाटली बर्फात ठेवून दिवसाच्या आत पोचवावी. क्षारांसाठी एप्रिल-मेचा नमुना घ्यावा, कारण पाणी कमी असताना क्षार दाट असतात. जंतूंसाठी जूनअखेरचा, कारण तेव्हा पाणी सगळ्यांत वाईट असतं. एकाच नमुन्यावर दोन्हींचा निकाल लावला की चूक होते.

## नळाचं पाणी, आणि शनिवार-रविवारची घरं

शहरातल्या नळाच्या पाण्याला ओटी चाचणीत पिवळा रंग येत असेल आणि पाणी नितळ असेल तर साधा कँडलचा किंवा यूएफचा फिल्टर पुरतो. विषाणूंचं काम क्लोरीनने आधीच केलेलं असतं. रंग येत नसेल, किंवा इमारतीची टाकी वर्षानुवर्षं धुतलेली नसेल, तर यूव्ही. मात्र आधी टाकी धुवून घ्या.

कर्जत-खालापूरभर आता मुंबईकरांची शेतघरं आहेत. तिथे बहुधा महागातलं आरओ असतं आणि सोमवार ते शुक्रवार बंद असतं. यंत्राच्या साठवणीच्या डब्यात पाच दिवस उभं राहिलेलं पाणी, कोळशाच्या ओल्या गाळणीत वाढलेले जिवाणू, आणि शनिवारी सकाळी आल्या आल्या मुलं त्यातलंच पाणी पितात. कोणतंही यंत्र असो, आल्यावर पहिला पूर्ण डबा रिकामा करायचा, झाडांना घालायचा, आणि दुसऱ्या डब्याचं पाणी प्यायचं. महिनाभर बंद राहिलेलं घर असेल तर गाळण्या बदलूनच. अशा घरांना मी डब्याशिवायचा यूव्ही सुचवतो. तोटी उघडली की दिवा लागतो, लागेल तेवढंच पाणी शुद्ध होतं, आणि मागे उभं राहायला काहीच उरत नाही.